तेलाच्या घाण्याला पाठवायचा निरोप

समजा, आपण पुण्यातून स्वयंपाकाची रील्स करता, फॉलोअर ८,४०० आहेत, आणि दिवाळीआधी लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्या एका छोट्या उद्योगासोबत काम करायचं आहे. त्यांना पहिला निरोप कसा लिहायचा ते पाहू.

आधी आकडे. इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल खातं असेल तर ‘इनसाइट्स’मध्ये, म्हणजे खात्याच्या हिशेबवहीत, प्रत्येक रील किती वेळा पाहिलं गेलं ते दिसतं. शेवटच्या दहा रील्सचे आकडे कागदावर चढत्या क्रमाने मांडा: २,१००, २,३००, २,४००, २,६००, २,८००, ३,०००, ३,२००, ३,५००, ३,९०० आणि ६१,०००.

बहुतेकांची चूक इथेच होते. या दहांची सरासरी ८,६८० येते आणि तीच पुढे केली जाते. पण नऊ रील्स चार हजारांच्याही आत आहेत. सरासरी फुगली ती एकट्या ६१,००० मुळे. मधल्या दोन आकड्यांच्या मध्यावर येतात २,९००. हाच आकडा द्या. उद्योगाने ८,६८० धरून पैसे मोजले आणि रील तीन हजारांवर थांबलं, तर पुढचं काम गेलंच.

प्रेक्षक कोणत्या शहरातले, तेही तिथेच दिसतं. तेल फक्त पुण्यात घरपोच मिळत असेल, तर पुण्याचा वाटा एकूण फॉलोअरपेक्षा मोलाचा.

मग कल्पना, एकच. ‘रील, स्टोरी, पोस्ट, काहीही करू’ असं लिहिलं की विचार करायचं काम समोरच्यावर पडतं. कल्पना आपल्या कमेंट्समध्ये शोधा. तिथले प्रश्न त्या उद्योगाच्याच गिऱ्हाइकांचे असतात.

आता निरोप:

“नमस्कार. मी पुण्यातून घरगुती पदार्थांची रील्स करते. फॉलोअर ८,४००, त्यांतले ३८ टक्के पुण्याचे. शेवटच्या दहांपैकी निम्मी रील्स २,९०० पेक्षा जास्त वेळा पाहिली गेली. एक ६१,००० वर गेलं, तो अपवाद. चकलीच्या रीलखाली अनेकींनी विचारलं, घाण्याच्या तेलात तळताना फेस येतो, तेल खराब आहे का? तुमच्या शेंगदाणा तेलात चकली तळत याचं उत्तर देणारं एक मिनिटाचं रील करावं, असं मनात आहे. दिवाळीच्या तीन आठवडे आधी टाकेन. मानधन चार हजार रुपये. आकड्यांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. या आठवड्यात फोनवर बोलता येईल का?”

मानधनाचा आकडा आपला आपण ठरवा, पण लिहाच. तो नसला की ‘तेलाचे दोन डबे पाठवतो’ असं उत्तर येण्याची शक्यता वाढते.

आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा. आणि काम ठरलं, तर रीलवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार नुसते फुकट डबे घेतले तरी ते लिहावं लागतं.