शाळेतल्या मुलांना स्वतःला इजा करण्याबद्दल विचारायचं असेल, तर एथिक्स कमिटीला काय सांगावं लागतं?

किती मुलं स्वतःला इजा करून घेतात, हे रुग्णालयाच्या नोंदींवरून कळत नाही. इंग्लंडमधल्या ४१ शाळांतल्या १५-१६ वर्षांच्या सुमारे सहा हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या वर्षभरात स्वतःला इजा केल्याचं ६.९ टक्के मुलांनी लिहिलं होतं. त्यातल्या साधारण आठांपैकी एकाच प्रसंगात मूल रुग्णालयापर्यंत पोहोचलं होतं. म्हणून संशोधकांना शाळेत जावं लागतं, आणि शाळेत जाण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात सहभागी होणाऱ्यांचं हित पाहणाऱ्या समितीची, मंजुरी घ्यावी लागते.

समितीत पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो: विचारल्यामुळे मुलांच्या डोक्यात नको ते येणार नाही का? शंका रास्त आहे, पण आत्महत्येच्या विचारांबाबत ती तपासून झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २३४२ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं, निम्म्यांना विचारलं नाही. दोन्ही गटांच्या अस्वस्थतेत फरक पडला नाही. आधी प्रयत्न केलेल्या मुलांना तर विचारल्यानंतर थोडं बरंच वाटलं. हा निष्कर्ष २००५ चा. त्याचा अर्थ कसंही विचारलं तरी चालतं, असा मात्र नाही. प्रश्नावलीत इजा करण्याच्या पद्धतींची यादी देऊन खूण करायला सांगितलं असेल, तर ती यादी काढून टाकायला लावणं योग्यच. ‘स्वतःला मुद्दाम इजा केली आहे का?’ एवढं विचारून पुढची जागा मोकळी सोडता येते.

नाव नको, पण मदत हवी

अर्जातला खरा पेच वेगळाच आहे. समजा, एका मानसोपचार विभागातल्या संशोधिकेला नववीच्या १२ वर्गांत, म्हणजे सुमारे ५४० मुलांत, अभ्यास करायचा आहे. पहिल्या मसुद्यात ती लिहिते, ‘प्रश्नावली पूर्णपणे निनावी राहील’, आणि दोन पानांनंतर, ‘धोक्यात असलेल्या विद्यार्थ्यास त्वरित समुपदेशन दिलं जाईल’. ही दोन्ही वाक्यं एकत्र खरी ठरू शकत नाहीत. कागदावर नाव नसेल, तर ‘काल रात्री पुन्हा केलं’ असं लिहिणारं मूल शोधणार कसं?

निवड करावीच लागते. निनावी ठेवलं तर मुलं मोकळेपणाने लिहितात, पण मग माहितीपत्रकात स्पष्ट सांगायला हवं: ‘तू काय लिहिलंस हे आम्हाला कळणार नाही, त्यामुळे मदत हवी असेल तर तुला स्वतः यावं लागेल.’ दुसरा मार्ग सांकेतिक क्रमांकाचा. कागदावर फक्त क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी बंद पाकिटात, शाळेबाहेरच्या एकाच व्यक्तीकडे. मग मूल शोधता येतं, पण ‘गुप्त’ या शब्दाला मर्यादा येते आणि ती मुलाला आधी सांगावी लागते. शिवाय मुलानं लैंगिक अत्याचार लिहिला, तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संशोधकालाही त्यातून सूट नाही. माझ्या मते, गेल्या काही दिवसांतल्या इजेबद्दल विचारायचं असेल तर क्रमांकाचाच मार्ग घ्यावा. धोका विचारायचा आणि उत्तर कळूच नये अशी व्यवस्था करायची, हे पटत नाही.

सही कोणाची?

मुख्याध्यापकांचं पत्र ही फक्त शाळेत शिरण्याची परवानगी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि १२ वर्षांपासून पुढे मुलाची स्वतःची लेखी सहमतीही. पालक ‘हो’ म्हणाले आणि मूल ‘नको’ म्हणालं, तर अशा अभ्यासात उत्तर ‘नको’ हेच.

अडचण अशी की घरातच त्रास असलेल्या मुलाचा कागद सही होऊन परत येण्याची शक्यता कमी. म्हणजे ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं तीच गळतात. मुलाची हेळसांड किंवा छळ यांसारख्या विषयांत समिती पालकांच्या संमतीची अट शिथिल करू शकते, पण त्या बदल्यात मुलाच्या रक्षणाची दुसरी व्यवस्था ठरवून देते. आपल्या उदाहरणातल्या संशोधिकेनं ती सवलत मागितली नाही. तिनं पालकसभा घेतली आणि पत्रकात विषय न लपवता लिहिला: ‘ताण, दुःख आणि स्वतःला इजा करणं यांबद्दल प्रश्न असतील. तुमच्या मुलाची उत्तरं तुम्हाला दाखवली जाणार नाहीत. जिवाला धोका वाटला तर आम्ही तुमच्याशी बोलू.’ ‘किशोरवयीन आरोग्य सर्वेक्षण’ असं गुळगुळीत नाव देऊन घेतलेली सही संमती ठरत नाही.

मुलाची सहमती वर्गशिक्षक समोर उभे असताना घेऊ नये. आणि ‘भाग घ्यायचा नसेल त्यांनी ग्रंथालयात जा’ असं सांगितलं की उठणाऱ्या मुलाकडे सगळ्या वर्गाच्या माना वळतात. त्यापेक्षा सगळ्यांना सारखाच कागद द्यावा, शेवटच्या पानावर शब्दकोडं ठेवावं. ज्याला उत्तरं द्यायची नाहीत तो कोडं सोडवेल. लांबून पाहणाऱ्याला सगळे लिहितानाच दिसतील.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत

‘गरज पडल्यास समुपदेशकाकडे पाठवू’ या वाक्यावर बरेच अर्ज अडकतात. कोणता समुपदेशक, किती वाजता, किती मुलं? हिशोब करून पाहू. इंग्लंडचं प्रमाण अंदाजासाठी धरलं, तर ५४० मध्ये ३७-३८ मुलं इजेबद्दल ‘हो’ लिहितील. एक समुपदेशक दिवसाला नीट बोलेल अशी मुलं पाच-सहा. सगळे वर्ग एकाच दिवशी उरकले, तर शेवटच्या मुलाची पाळी आठवड्यानं येईल. म्हणून दिवसाला दोनच वर्ग: ९० मुलं, अंदाजे सहा ‘हो’. शनिवार टाळायचा, परीक्षेचा आठवडाही टाळायचा.

कागद शाळा सुटण्याआधी वाचले जातात. जुनी इजा आणि आता विचार नाहीत, असं दिसलं तर दोन दिवसांत भेट. गेल्या आठवड्यातली इजा किंवा मरणाचे विचार दिसले, तर त्याच दिवशी भेट, आणि ते मूल एकटं घरी जात नाही. पण एकट्याच मुलाला वर्गातून बोलावलं तर चर्चा होते. म्हणून काही इतर मुलांनाही पाच मिनिटांसाठी बोलावून घ्यावं. घरी कळवण्याआधी मुलाला विचारायचं: ‘आईला सांगू की आणखी कोणाला? मी सांगू की आपण मिळून सांगू?’ घरच धोक्याचं असेल, तर पालकांऐवजी बालकल्याण समितीचा रस्ता.

टेली-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक असलेलं छोटं कार्ड मात्र सगळ्या ५४० मुलांना द्यायचं, कोडं सोडवणाऱ्यांनाही. ‘हो’ लिहिणाऱ्यांनाच दिलं, तर ज्याच्या खिशात कार्ड सापडेल तो ओळखला जाईल.

नाव-क्रमांकाची यादी कधी नष्ट करणार, ही तारीखही समिती मागते. संशोधिकेनं ‘अभ्यास संपल्यावर’ असं लिहिलं होतं. समितीनं ते खोडून ‘शेवटच्या मुलाची पाठपुराव्याची भेट झाल्यावर’ असं करायला सांगितलं. मंजुरी त्यानंतर मिळाली, आणि तीही आधी दोनच वर्गांपुरती: त्या दिवशी किती मुलं आली आणि किती वाजेपर्यंत बोलणं चाललं हे कळवल्यावर उरलेल्या दहा वर्गांचा विचार होईल.