एकच खुर्ची, दोन तिकिटं

नाट्यगृहाच्या बुकिंग खिडकीत खुर्च्यांचा छापील तक्ता असायचा. नाटकवाले त्याला ‘प्लॅन’ म्हणतात. प्लॅन उघडला की रांग लागायची. तिकीट विकलं गेलं की खिडकीतला माणूस त्या खुर्चीच्या चौकोनावर पेन्सिलीनं फुली मारायचा. तक्ता एकच आणि त्यावर पेन्सिल फिरवणारा हातही एकच. त्यामुळे चौकोन रिकामा दिसणं आणि त्यावर फुली पडणं, या दोन क्षणांच्या मधे दुसरं कोणी घुसू शकत नव्हतं.

विमान कंपन्यांनाही एके काळी अशीच शिस्त आयती मिळत होती, पण ती त्यांना फार महागात पडली. १९५० च्या दशकात ‘अमेरिकन एअरलाइन्स’च्या आरक्षण कार्यालयात प्रत्येक उड्डाणाचं एक कार्ड एका फिरत्या चौकटीत ठेवलेलं असे. चौकटीभोवती आठ कर्मचारी बसत आणि आसन विकलं गेलं की कार्डाच्या कडेला खूण करत. आठांपेक्षा जास्त माणसं त्या चौकटीभोवती मावत नसत, आणि एका आरक्षणाला सरासरी दीड तास लागत असे. कंपनीनं आयबीएमच्या मदतीनं ‘सेबर’ ही संगणकप्रणाली उभारली आणि १९६४ पर्यंत आरक्षणाचं सगळं काम तिच्याकडे आलं. आता असंख्य हात एकाच वेळी एकाच नोंदीपर्यंत पोहोचू लागले. कागदाच्या कार्डामुळे आपोआप पाळली जाणारी शिस्त यापुढे प्रोग्राममध्ये मुद्दाम लिहावी लागणार होती.

ती लिहायची राहिली तर काय होतं, हे एका खुर्चीच्या हिशेबानं पाहता येईल. समजा, पुण्यातल्या एका नाट्यगृहात रविवारच्या प्रयोगाची जी-१२ ही एकच खुर्ची उरली आहे. कोथरूडमधली एक प्रेक्षक आणि चिंचवडमधला एक प्रेक्षक, दोघांच्याही मोबाइलवर ती हिरवी दिसते आहे. दोघंही जवळजवळ एकाच क्षणी तिच्यावर बोट ठेवतात.

कोथरूडची विनंती आधी पोहोचते. प्रोग्राम डेटाबेसला विचारतो, ‘जी-१२ मोकळी आहे का?’ उत्तर येतं, ‘मोकळी.’ मग प्रोग्राम तिकिटाचा दर काढतो, सवलत लागू आहे का ते पाहतो, ग्राहकाचं खातं तपासतो. या सगळ्याला ४० मिलिसेकंद लागतात असं धरू. दरम्यान, २५ व्या मिलिसेकंदाला चिंचवडची विनंती येते. तीही तोच प्रश्न विचारते आणि तिलाही ‘मोकळी’ हेच उत्तर मिळतं, कारण अजून कोणी काही लिहिलेलंच नाही. ४० व्या मिलिसेकंदाला कोथरूडच्या नावानं खुर्ची विकल्याची नोंद होते. ६५ व्या मिलिसेकंदाला त्याच ओळीवर चिंचवडचं नाव लिहिलं जातं. आधीचं नाव पुसलं जातं.

कुठेही चूक झाल्याचा संदेश येत नाही. दोघांच्या ईमेलवर तिकीट जातं. डेटाबेस पाहिला तर जी-१२ एकदाच विकलेली दिसते, तीही चिंचवडच्या नावानं. गोंधळ कळतो तो रविवारी, दोघंही त्याच खुर्चीपाशी येऊन उभे राहतात तेव्हा.

या प्रकाराला संगणकशास्त्रात ‘रेस कंडिशन’ म्हणतात. दोन कामांपैकी कोणतं पाऊल आधी पडलं यावर निकाल बदलत असेल आणि ती पावलं कोणत्या क्रमानं पडतील यावर कोणाचं नियंत्रण नसेल, तर ती रेस कंडिशन. इथे चुकीचं मूळ पाहणं आणि लिहिणं यांच्यामधल्या फटीत आहे. सर्व्हर दुप्पट वेगवान केला तर फट अरुंद होते, बुजत नाही. गर्दीच्या वेळी तर अरुंद फटही पुरते. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणात एसी डब्यांसाठी सकाळी १० ला आणि बिगर-एसी डब्यांसाठी ११ ला खिडकी उघडते आणि देशभरातल्या विनंत्या त्याच काही सेकंदांत येऊन आदळतात. एरवी क्वचित जुळून येणारा योगायोग अशा वेळी सहज जुळतो.

अनेक प्रोग्रामर यावर पहिला उपाय करतात तो ‘ट्रान्झॅक्शन’चा: पाहणं आणि लिहिणं BEGIN आणि COMMIT यांच्यामध्ये बांधून टाकायचं. एवढ्यानं काम भागेल असं वाटतं, पण भागत नाही. पोस्टग्रेस या प्रचलित डेटाबेसच्या नेहमीच्या मांडणीत नुसतं वाचणारा कोणालाच अडवत नाही. दोन्ही ट्रान्झॅक्शन ‘मोकळी’ हेच वाचतात. लिहिताना दुसरं ट्रान्झॅक्शन पहिलं पूर्ण होईपर्यंत थांबतं खरं, पण नंतर आपल्या जुन्या माहितीच्या भरवशावर बिनदिक्कत लिहून टाकतं. म्हणजे थांबायला हवं होतं वाचण्याआधी, आणि ते थांबलं लिहिण्याआधी.

लॉक नेमकी हीच जागा बदलतं. वाचतानाच डेटाबेसला सांगायचं की ही ओळ बदलण्याच्या इराद्यानं वाचतो आहे, माझं काम होईपर्यंत ती अडवून ठेव:

```sql
BEGIN;
SELECT status FROM seats
WHERE show_id = 41 AND seat_no = 'G12'
FOR UPDATE;
```

आता २५ व्या मिलिसेकंदाला आलेल्या चिंचवडच्या विनंतीला लगेच उत्तर मिळत नाही. ती रांगेत थांबते. ४० व्या मिलिसेकंदाला कोथरूडची नोंद होते, COMMIT होतो, लॉक सुटतं. मगच चिंचवडला उत्तर मिळतं आणि ते असतं ‘विकली गेली’. त्या प्रेक्षकाला पंधरा मिलिसेकंद थांबावं लागलं, ते त्याला जाणवतही नाही. लॉक फक्त त्या एका ओळीवर असल्यामुळे इतर खुर्च्यांची विक्री चालू राहते, आणि नुसता प्लॅन पाहणाऱ्यांनाही पोस्टग्रेस अडवत नाही.

या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी १९७६ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी केली. कपाली एस्वरन, जिम ग्रे, रेमंड लोरी आणि आयर्विंग ट्रेगर यांच्या निबंधात एक नियम सिद्ध केला आहे: एखाद्या कामानं एक जरी लॉक सोडलं, तरी त्यानंतर नवं लॉक घ्यायचं नाही. सगळ्यांनी हा नियम पाळला तर कामं एकाच वेळी चालूनही निकाल असा लागतो, जणू ती एकामागून एक झाली. ट्रान्झॅक्शनवरच्या एकूण कामासाठी ग्रे यांना १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

लॉक कुठे ठेवायचं, हेही महत्त्वाचं आहे. ते प्रोग्रामच्या स्वतःच्या स्मृतीत ठेवलं, तर एकच सर्व्हर असेपर्यंत सगळं ठीक चालतं. गर्दी वाढली म्हणून दुसरा सर्व्हर जोडला, की त्याला पहिल्याचं लॉक दिसत नाही आणि जुनी चूक परत येते. म्हणून खुर्चीची नोंद जिथे आहे, त्या डेटाबेसमध्येच लॉक असावं लागतं.

लॉकचे स्वतःचेही धोके आहेत. जी-११ आणि जी-१२ अशा दोन खुर्च्या उरल्या आहेत आणि दोन जोडपी दोन्ही मागत आहेत असं समजा. एकाच्या विनंतीनं आधी जी-११ अडवली, दुसऱ्याच्या विनंतीनं जी-१२. आता पहिलं जोडपं जी-१२ साठी थांबलं आहे, दुसरं जी-११ साठी, आणि कोणीच आपली खुर्ची सोडणार नाही. ही ‘डेडलॉक’ची कोंडी. पोस्टग्रेसमध्ये एखादी विनंती साधारण सेकंदभर अडकली की अशी कोंडी झाली आहे का ते तपासलं जातं, आणि झाली असेल तर दोघांपैकी एकाचं ट्रान्झॅक्शन रद्द केलं जातं. त्यापेक्षा कोंडी होऊच न देणं सोपं आहे. ग्राहकानं खुर्च्या कोणत्याही क्रमानं निवडल्या, तरी प्रोग्रामनं लॉक नेहमी खुर्चीच्या क्रमांकानुसारच घ्यायचं. मग दोन्ही जोडपी आधी जी-११ वरच येतात आणि एक दुसऱ्याच्या मागे उभं राहतं.

खरी कसोटी लागते ती पैसे भरताना. यूपीआयचा पिन टाकायला किंवा ओटीपी यायला मिनिट-दोन मिनिटं सहज जातात. तेवढा वेळ डेटाबेसचं लॉक धरून ठेवलं, तर तिच खुर्ची मागणारी प्रत्येक विनंती खोळंबते आणि डेटाबेसची मोजकी कनेक्शन अडकून पडतात. म्हणून लॉक काही मिलिसेकंदांपुरतंच घेतात आणि त्या वेळात मुदतीची एक नोंद करतात: ही खुर्ची अमुक ग्राहकासाठी आठ मिनिटं राखून ठेवली आहे. तिकिटांच्या अॅपवर उलटी मोजणी करणारं घड्याळ दिसतं, ते या मुदतीचं. पाहणं आणि लिहिणं एकाच आज्ञेत आणलं की हे आणखी सुटसुटीत होतं:

```sql
UPDATE seats
SET status = 'held', holder = 7,
    held_until = now() + interval '8 minutes'
WHERE show_id = 41 AND seat_no = 'G12'
  AND (status = 'free' OR
      (status = 'held' AND held_until < now()));
```

इथे लॉक डेटाबेस स्वतःच घेतो. उत्तर `UPDATE 1` आलं तर खुर्ची मिळाली, `UPDATE 0` आलं तर दुसऱ्या कोणाकडे गेली. प्रोग्रामनं हा आकडा वाचलाच पाहिजे. तो न वाचता पुढे गेलं, तर अट घालूनही उपयोग नाही.

तरीही एक अडचण उरते. ग्राहकाचे पैसे नवव्या मिनिटाला पोहोचले तर? मुदत संपली आहे, कदाचित खुर्ची दुसऱ्यानं राखूनही ठेवली आहे. म्हणून तिकीट देण्याआधी खुर्ची अजून याच ग्राहकाच्या नावावर आहे का, हे पुन्हा अट घालून तपासावं लागतं. असेल तर तिकीट द्यायचं, नसेल तर पैसे परत करायचे. आयआरसीटीसीवर ‘कन्फर्म बर्थ मिळाला तरच तिकीट काढा’ असा पर्याय असतो. तिथे बर्थ ठरतो तो पैसे भरल्यावर, म्हणूनच हा पर्याय ठेवावा लागतो. कन्फर्म बर्थ मिळाला नाही तर तिकीट निघत नाही आणि रक्कम परत केली जाते.

अशी चूक आपल्या प्रणालीत आहे की नाही, हे एकट्या माणसानं तिकीट काढून कधीच कळत नाही. चाचणी करताना पाहणं आणि लिहिणं यांच्यामध्ये मुद्दाम दोन सेकंदांची विश्रांती घालतात आणि एकाच खुर्चीसाठी पन्नास विनंत्या एकदम सोडतात. फट आता एवढी रुंद असते की चूक असेल तर ती पहिल्याच फेरीत दिसते. तिकीट एकालाच मिळालं आणि एकोणपन्नास जणांना नकार गेला, तरच प्रोग्राम उत्तीर्ण.

एवढं करूनही तिकिटांच्या तक्त्यावर जाणकार आणखी एक पहारा ठेवतात: एका प्रयोगाच्या एका खुर्चीचं चालू असलेलं तिकीट एकच असू शकतं, असा नियम थेट डेटाबेसमध्ये लिहिलेला असतो. रद्द झालेली तिकिटं त्यातून वगळतात, नाहीतर परत आलेली खुर्ची पुन्हा विकता येणार नाही. नाट्यगृहाच्या खिडकीसाठी उद्या दुसऱ्याच कोणी वेगळा प्रोग्राम लिहिला आणि त्यात लॉक घ्यायचं राहून गेलं, तरी जी-१२ चं दुसरं तिकीट लिहायला जाताच डेटाबेस ते नाकारतो आणि `duplicate key value violates unique constraint` एवढी ओळ परत पाठवतो.