वाढ, सूट आणि मआम : टक्के कशावर मोजायचे?

आमच्या पिढीने मराठी शाळेत शेकडेवारी शिकली, तेव्हा गुरुजींचे दोन नियम पाठ असत. नफा-तोटा मोजायचा तो खरेदीवर, आणि सूट मोजायची ती छापील किमतीवर. मुले ते घोकत आणि गणिते सोडवून मोकळी होत. पण हे दोन नियम एकमेकांशी जुळत नाहीत, एक शेकडा एका रकमेवर चालतो आणि दुसरा दुसऱ्याच रकमेवर, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नसे. इस्राएलमध्ये दुकान चालवणाऱ्याला त्यात तिसरा शेकडा सांभाळावा लागतो, तो म्हणजे मआम, आपला विक्रीवरचा कर. हे तिन्ही एका तक्त्यात शेजारी शेजारी बसले की घोटाळ्याला सुरुवात होते.

अश्दोदकडच्या एका दुकानदार बाईंचा तक्ता आमच्यासमोर आला होता. त्या भारतातली भांडी आणून विकतात. मालिद्यासाठी लागणारे पितळेचे मोठे ताट त्यांना मआम सोडून २०० शेकेलला पडते. त्यावर ४० टक्के वाढ, सणाच्या निमित्ताने २५ टक्के सूट आणि वरून १८ टक्के मआम असे रकाने त्यांनी आखले होते. हिशेब असा : २०० वर ४० टक्के म्हणजे ८० मिळवले, २५ टक्के म्हणजे ५० वजा केले, १८ टक्के म्हणजे ३६ मिळवले. एकूण २६६ शेकेल. त्यातले ३६ सरकारचे, २३० आपले, म्हणजे ताटामागे ३० शेकेल नफा. चाळीसातून पंचवीस गेले, पंधरा उरले, आणि २०० चे पंधरा टक्के ३० होतात. दिसायला सगळे बरोबर.

पण गल्ल्यात प्रत्येक ताटामागे २६६ येत नव्हते, २४७.८० येत होते. कारण गिऱ्हाईक तक्ता पाहत नाही, ताटावरची चिठ्ठी पाहते. चिठ्ठीवर मआमसह किंमत लिहिलेली होती : २०० चे वाढीसह २८०, आणि २८० चे मआमसह ३३०.४०. दारावरची पाटी म्हणे २५ टक्के सूट. गिऱ्हाईक ३३०.४० चा चौथा हिस्सा, म्हणजे ८२.६०, वजा करून पैसे पुढे करी, आणि ते त्याचे बरोबरच होते.

आता हेच टप्प्याटप्प्याने पाहू. खरेदी २००. वाढ खरेदीवर, म्हणून २८०. सूट २०० वर नव्हे, २८० वर. ती ५० नसून ७० होते आणि उरतात २१०. मआम या २१० वर, म्हणजे ३७.८०. बेरीज २४७.८०. नफा २१० वजा २००, फक्त १० शेकेल. पंधरा टक्के समजून बसलेला नफा पाच टक्केच होता. साठ ताटे विकली तर अपेक्षा १८०० शेकेलची आणि हाती ६००. त्यातूनच दुकानाचे भाडे आणि वीज भागवायची.

ही चूक टाळायला एक साधी रीत आहे. टक्के मिळवू नयेत आणि वजाही करू नयेत, गुणावेत. ४० टक्के वाढ म्हणजे १.४० ने गुणणे, २५ टक्के सूट म्हणजे ०.७५ ने गुणणे, १८ टक्के मआम म्हणजे १.१८ ने गुणणे. १.४० गुणिले ०.७५ बरोबर १.०५, पाच टक्के नफा इथेच उघडा पडतो. आणि उलट विचारायचे असेल, की सूट दिल्यावरही पंधरा टक्के सुटायला चिठ्ठीवर काय लिहावे, तर भागावे. पाहिजेत २३०, २३० भागिले ०.७५ म्हणजे ३०६.६७. म्हणजे वाढ चाळीस नव्हे, त्रेपन्न टक्क्यांहून थोडी अधिक लागेल, आणि मआमसह चिठ्ठी ३६१.८७ ची होईल.

इथे चाणाक्ष वाचक विचारतील : आधी सूट आणि मग मआम, की आधी मआम आणि मग सूट, याने फरक पडतो का? नुसते टक्केच असतील तर पडत नाही. २१० ला १.१८ ने गुणा किंवा ३३०.४० ला ०.७५ ने गुणा, उत्तर २४७.८० च. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. म्हणून गिऱ्हाइकाने "आधी सूट द्या, मग कर लावा" असा हट्ट धरला तर खुशाल हो म्हणावे.

क्रमाला खरे महत्त्व येते ते मध्ये एखादी ठरावीक रक्कम घुसली की. समजा त्याच ताटावर १० शेकेलचे कूपन आहे. ते मआम लावण्यापूर्वीच्या २१० मधून वजा केले तर उरतात २००, मआमसह २३६, आणि नफा शून्य. तेच कूपन शेवटी, २४७.८० मधून वजा केले तर गिऱ्हाईक २३७.८० देते, त्यातला मआम काढला की दुकानात २०१.५३ राहतात, नफा दीड शेकेल. आणि कूपन चिठ्ठीवरच्या ३३०.४० मधून आधी वजा करून मग २५ टक्के सूट दिली तर गिऱ्हाईक २४०.३० देते, नफा ३.६४. कूपन तेच, पण गिऱ्हाइकाचे देणे तीन प्रकारचे. कूपन आधी वजा झाले की त्याच्या दहा शेकेलवरही सूट लागू होते आणि त्याची किंमत साडेसातच उरते. तेव्हा गिऱ्हाइकाने आधी टक्के आणि मग कूपन मागावे. दुकानदाराने कूपनावरच लिहून ठेवावे की ते कुठल्या रकमेतून वजा होणार. पैसे मोजताना वाद घालण्यापेक्षा ते बरे.

मआमसह रकमेतून मआम बाहेर काढताना पुष्कळजण फसतात. २४७.८० मधून १८ टक्के वजा केले तर २०३.२० येतात, आणि ते चूक आहे, कारण ते १८ टक्के २१० वर लागले होते, २४७.८० वर नव्हे. १.१८ ने भागावे, २१० मिळतात. तक्ता तपासायचीही हीच खूण : मआमच्या रकमेला मआमपूर्वीच्या रकमेने भागा, ०.१८ आले पाहिजे. बाईंच्या तक्त्यात ३६ भागिले २३० होते, ०.१५७ आले, आणि तेवढ्यावरून कळले की कर भलत्याच रकमेवर लावला आहे.

१ जानेवारी २०२५ ला मआम १७ वरून १८ टक्के झाला, तेव्हा एक टक्का वाढला म्हणून कित्येकांनी चिठ्ठ्यांवरची किंमतही एक टक्क्याने वाढवली असेल. पण आपले ताट १७ टक्क्यांनी ३२७.६० चे होते आणि १८ टक्क्यांनी ३३०.४० चे झाले. वाढ २.८० ची, म्हणजे एक टक्क्याहून कमी, कारण तो एक टक्का २८० वर लागला, ३२७.६० वर नव्हे. ज्यांनी जुनी चिठ्ठी तशीच ठेवली त्यांच्या वाट्याला २८० ऐवजी २७७.६३ आले, आणि त्यावर पुन्हा २५ टक्के सूट दिली तर नफा दहावरून ८.२२ वर उतरला.