चलचित्रातील रेषा, लेखांक ७ : तारप्याचा फेर आणि न दिसणारी रेषा

पालघर, डहाणू आणि जव्हार परिसरातील वारली चित्रांत तारपा नाचाचा फेर सर्पिलाकार असतो. मध्ये तारपावादक आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या नर्तकांची रांग. या फेराला स्वतंत्र रेषा नसते, माणसांची रांग हीच त्याची रेषा. म्हणूनच हे चित्र पडद्यावर ‘काढले जात आहे’ असे दाखवायचे झाल्यास आफ्टर इफेक्ट्समधील Trim Paths ही सोय सरळ लावून भागत नाही.

ही सोय मार्गाचा किती भाग दिसावा हे टक्केवारीने ठरवते : Start म्हणजे दृश्य भागाचा आरंभ, End म्हणजे त्याचा शेवट. End ०% वरून १००% वर नेला की रेषा उमटत जाते. वारली माणसाचे धड मात्र भरीव त्रिकोणांचे असते, आणि अर्धवट कापलेल्या मार्गात रंग भरला की त्याची दोन टोके सरळ रेषेने जोडली जाऊन भलताच आकार दिसतो. त्यामुळे चित्र जसेच्या तसे ठेवून त्याच्या वरच्या थरात रांगेच्या मध्यातून जाणारा जाड सर्पिल काढावा, Trim Paths त्यालाच लावावी आणि तो थर चित्राला Alpha Matte म्हणून, म्हणजे जिथे तो असेल तिथेच चित्र दिसू देणारी खिडकी म्हणून, जोडावा. वादक मात्र चित्राच्या थराबाहेर ठेवावा.

१०८० पिक्सेल उंचीच्या चौकटीत तीन वेढे, दोन वेढ्यांत ११० पिक्सेल अंतर आणि आतील टोक मध्यापासून ११० पिक्सेलवर, असा फेर घेतला, तर ८० पिक्सेल उंचीच्या माणसांसाठी सर्पिलाची जाडी १०० पिक्सेल पुरते. जाडी १४० च्या पलीकडे गेली की शेजारच्या वेढ्यातील डोकी वेळेआधीच डोकावू लागतात. दोष ओळखण्याची ही हमखास खूण आहे. उलट माणसांचे पाय कापलेले दिसले, तर जाडी कमी पडली आहे.

वेढ्यांची लांबी ३ : ५ : ७ या प्रमाणात वाढते, म्हणून ४५ नर्तकांपैकी आतल्या वेढ्यात ९, मधल्यात १५ आणि बाहेरच्यात २१ येतात. चार सेकंदांत End समान गतीने नेल्यास आतला वेढा ०.८ सेकंदात उरकतो आणि वादकाकडे नजर स्थिरावण्याआधीच फेर पुढे निघून जातो. म्हणून २०% ची खूण दीड सेकंदावर ठेवणे बरे. फेर बाहेरून आत येऊ लागला, तर मार्गाची दिशा उलटी आहे. ती Reverse Path Direction ने फिरवावी.

तरीही एक उणीव उरते : खिडकीच्या पुढच्या कडेवर प्रत्येक नर्तक क्षणभर अर्धा चिरलेला दिसतो, आणि गती जितकी संथ, तितके ते अधिक जाणवते.