चूक काढा, आवाज ठेवा

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या आठवणींत असे वाक्य आले आहे, असे समजू:

‘रात्री पाउस पडला आन् सकाळी डावणी दिसली. आबा नुस्ते बांधावर बसून राहिले.’

इथे चुका दोनच. अकारान्त मराठी शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ असतो, म्हणून ‘पाऊस’. आणि ‘नुस्ते’चे ‘नुसते’. ‘आन्’ ही चूक नव्हे, ती त्याची बोली आहे. मात्र लेखात इतरत्र ‘आणि’ असेल, तर लेखकालाच विचारावे. ‘डावणी’ हा बागेतलाच शब्द आहे, तोही राहू द्यावा.

आता अति झालेले संस्करण पाहा: ‘रात्रीच्या पर्जन्यवृष्टीमुळे केवडा रोगाचा प्रादुर्भाव झाला व आजोबा हताश होऊन बसले.’ व्याकरण निर्दोष आहे, पण ‘मुळे’ने लेखकाने न सांगितलेले कारण जोडले, ‘हताश’ने न सांगितलेली भावना घातली. बांध तर गायबच झाला.

असा अतिरेक ओळखण्यासाठी प्रत्येक बदलासमोर त्याचा नियम लिहावा. नियम सापडत नसेल आणि मूळ वाक्याचा अर्थ स्पष्ट असेल, तर तो बदल संपादकाची आवड असतो. तो मागे घ्यावा.