सनस्क्रीनची स्टिक, स्प्रे की पावडर: नुसत्या त्यावर भागतं का?

आष्ट्याहून बाईकवर सांगलीला निघताना घरी आधी सनस्क्रीन क्रीमच लावा. कारण एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. चेहरा आणि मान ६०० चौरस सेंटिमीटर धरली, तर १.२ ग्रॅम लागतं. क्रीम तेवढं सहज लागतं. पावडर तेवढी थापली तर गिरणीतून आल्यासारखे दिसाल! म्हणून ती थोडीच लागते आणि संरक्षणही थोडंच मिळतं.

दोन तासांनी, हात धुळीने भरलेले असताना, स्टिक मात्र कामाची. घाम पुसा, एकेका जागी चारदा फिरवा, कान विसरू नका. स्प्रे वाऱ्यात उडून जातो, नाकातोंडातही जातो. तो तळहातावर मारून मग चेहऱ्याला चोळा.