उपवासात डोळे पिवळे, पण लिव्हर चांगले

वर्षावासात उपोसथ धरणारे किंवा श्रामणेर शिबिरात दुपारी बारानंतर न जेवणारे काही तरुण सांगतात, की दोन-तीन दिवसांत डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक आली. तापात चार दिवस अन्न गेले नाही, तरी काहींना असेच होते. घरातले घाबरतात आणि लगेच काविळीचे उपचार सुरू होतात. अशा पिवळेपणामागे बऱ्याचदा एक निरुपद्रवी, जन्मतःची ठेवण असते. पण तसे म्हणण्याआधी आपल्या भागात एक तपासणी व्हायलाच हवी. ती कोणती, हे आम्ही या पानावर सांगणार आहोत.

उदाहरणासाठी दारव्हा तालुक्यातला २१ वर्षांचा एक तरुण डोळ्यांसमोर आणू. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळसर दिसू लागले. ताप नाही, उलटी नाही, लघवी नेहमीच्याच रंगाची. घरी आल्यावर आजीने गळ्यात काविळीची माळ घातली. तेल, डाळ, भाकरी बंद केली आणि मुरमुरे व ताकावर ठेवले. तीन दिवसांनी डोळे आणखी पिवळे झाले. आजीला वाटले, कावीळ वाढली. खरे तर पिवळेपणा वाढवला तो या पथ्याने.

कसा, ते पाहू. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून लघवीवाटे जाऊ शकत नाही. यकृत, म्हणजे लिव्हर, एका एन्झाइमच्या मदतीने ते विरघळणारे करते आणि पित्तातून आतड्यात सोडते. काही माणसांत हे एन्झाइम जन्मापासूनच कमी, साधारण एक तृतीयांश, काम करते. खाऊनपिऊन असताना एवढे काम पुरते. उपाशी राहिले, ताप आला, अंगमेहनत फार झाली, की यकृताची बिलिरुबिन उचलण्याची गती मंदावते आणि ते रक्तात साचते. दोन दिवस अगदी कमी खाल्ले तर अशा माणसाचे बिलिरुबिन दुप्पट-तिप्पट होऊ शकते. पोटभर जेवण सुरू झाले की एक-दोन दिवसांत ते खाली येते.

या ठेवणीचे वर्णन १९०१ साली फ्रान्समधील डॉक्टर ओगुस्तँ झिलबेर आणि त्यांच्या सहकाऱ्याने केले. आपल्याकडे डॉक्टर तिला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही जनुकाचा हा बदल आला तरच ती दिसते. शंभरातल्या निदान तीन-चार माणसांत ती असते. वयात आल्यावर आणि पुरुषांत ती जास्त लक्षात येते. ती संसर्गाने पसरत नाही आणि यकृत खराब करत नाही.

माळेचे श्रेयही इथेच तपासून घेऊ. माळ लांबली की कावीळ उतरली, अशी समजूत आहे. ओल्या देठांचे तुकडे वाळून बारीक झाले, की दोरीच्या गाठी सैल पडतात आणि माळ आपोआप लांबते. तोवर माणूस पुन्हा जेवायला लागलेला असतो, म्हणून डोळेही निवळतात. डाग देण्याच्या प्रकाराने मात्र भाजते आणि जखम चिघळते. तो कधीही करू नये.

आता आपल्या तरुणाचा रिपोर्ट वाचू. एकूण बिलिरुबिन २.६, त्यातले डायरेक्ट ०.४, म्हणजे इनडायरेक्ट २.२. एसजीपीटी, एसजीओटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज मर्यादेत. यातून दोन गोष्टी कळतात. वाढलेला भाग इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने अजून न विरघळवलेला आहे. म्हणूनच लघवी पिवळी-गडद झाली नाही. आणि यकृताच्या पेशींना इजा झालेली नाही, नाहीतर एसजीपीटी वाढले असते.

इथपर्यंत गिल्बर्ट शोभते. पण तांबड्या पेशी भराभर मोडत असतील, तरीही नेमका असाच रिपोर्ट येतो. आणि विदर्भात पेशी मोडण्याचे एक मोठे कारण आहे सिकलसेल. आपल्या अनुसूचित जातींत आणि आदिवासी समाजांत हे जनुक बऱ्याच घरांत आहे. म्हणून यवतमाळ जिल्ह्यात कुणाला नुसते ‘गिल्बर्ट आहे, घाबरू नका’ म्हणून घरी पाठवणे आम्हाला पुरेसे वाटत नाही.

त्यासाठी तीन साध्या तपासण्या लागतात. हिमोग्लोबिन, रेटिक काउंट आणि सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट. पेशी मोडत असतील तर हिमोग्लोबिन उतरते आणि नव्या पेशी भराभर बनत असल्याने रेटिक काउंट चढतो. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. नुसत्या वाहकाला कावीळ होत नाही, रुग्णाला होते. सिकलसेलचा रुग्ण असून वर गिल्बर्टही असेल, तर बिलिरुबिन आणखी वाढते आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. अशा माणसाला नियमित उपचार लागतात.

आपल्या तरुणाचे हिमोग्लोबिन १४.२, रेटिक काउंट १ टक्का, सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी पथ्य बंद करून दोन वेळचे नेहमीचे जेवण घ्यायला सांगितले. दोन आठवड्यांनी, उपाशी न राहता, पुन्हा रक्त दिले. एकूण बिलिरुबिन १.४, बाकी सारे ठीक. काही महिन्यांनी तिसऱ्यांदाही तसेच आले, तेव्हा गिल्बर्ट निश्चित झाले. महागडी जनुक तपासणी लागली नाही आणि औषधही लागले नाही.

अशा माणसाने आयुष्यभर काय करावे? उपोसथ धरायला हरकत नाही. डोळे थोडे पिवळे होतील आणि जेवल्यावर निवळतील, एवढे माहीत असावे. सलग उपाशी मात्र राहू नये आणि पाणी भरपूर प्यावे. रिपोर्ट जपून ठेवावेत, म्हणजे नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा लग्नाच्या बोलणीत विनाकारण शंका निघाली तर दाखवता येतात. कर्करोगावरील इरिनोटेकॅन आणि एचआयव्हीवरील अटाझानावीर ही औषधे सुरू होणार असतील, तर डॉक्टरांना गिल्बर्टबद्दल आधी सांगावे. इरिनोटेकॅनचा डोस कमी करावा लागू शकतो.

शेवटी एक सावधगिरी. गिल्बर्ट असलेल्यालाही दूषित पाण्यातून खरी कावीळ होऊ शकते. लघवी गडद झाली, शौच पांढरट झाले, अंगाला खाज सुटली, उलट्या, पोटदुखी, सांधेदुखी किंवा फिकेपणा आला, बिलिरुबिन ५ च्या वर गेले किंवा एसजीपीटी वाढले, तर ‘हे नेहमीचेच’ म्हणून बसू नये. ग्लानी आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. त्या वेळी सकाळपर्यंत वाट पाहणे धोक्याचे आहे.